लाइन बदलेपर्यंत गळका पाईप धरून ठेवताना: क्लॅम्प, पुट्टी आणि टेप कुठे टिकले, कुठे सुटले

टाकीवरून खाली येणारी आमची लाइन जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपची होती, एक इंची, आणि तिला डक्टमध्ये गळती लागली. प्लंबरकाका येऊन बघून गेले आणि म्हणाले, "एवढाच तुकडा बदलून उपयोग नाही, नवीन आटे पाडायला गेलो तर बाकीचा पाईप हातात येईल. पूर्ण लाइनच बदलू, पण त्यासाठी सगळ्यांचं पाणी बंद ठेवावं लागेल, तोपर्यंत तुम्ही ही कशीतरी धरून ठेवा." तर हे कशीतरी धरून ठेवणं म्हणजे नेमकं काय ते लिहितोय. बाजारात यासाठी तीन प्रकारच्या वस्तू मिळतात, दाबून धरणारा क्लॅम्प, चिकटणारी एपॉक्सी पुट्टी आणि गुंडाळायच्या टेप, आणि प्रत्येकाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की गळती लगेच थांबेल. थांबते पण, फक्त प्रत्येकाची एक जागा असते आणि त्या जागेच्या बाहेर लावलं की सुटतं. आमच्या लाइनवर तिन्ही वापरायची वेळ आली त्यामुळे कोण कुठे सुटतं ते जवळून बघायला मिळालं.

सगळ्यात आधी गळती नक्की कुठे आहे ते शोधणं, आणि याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. उभ्या पाईपवर पाणी पाईपच्या अंगाने खाली येतं आणि सॉकेट किंवा एल्बो असा पहिला जोड लागला की तिथून थेंब पडायला लागतात, म्हणजे जिथे थेंब दिसतो तिथे भोक असेलच असं नाही. मी पूर्ण पाईप फडक्याने कोरडा केला आणि वरून खाली खडूची पूड चोळत आलो, पूड जिथे सगळ्यात आधी ओली झाली ती खरी जागा. छातीच्या उंचीवर सरळ पाईपमध्ये साधारण 2 मिमीचं भोक निघालं, त्यातून बारीक धार भिंतीवर जात होती. आणि साधारण हातभर खाली जो सॉकेट होता त्याच्या वरच्या तोंडाशी, जिथे पाईपचे आटे सॉकेटमध्ये शिरतात, तिथे वेगळा पाझर होता जो वरच्या धारेमुळे आधी दिसतच नव्हता. दोन गळत्या, दोन्ही एकाच पाईपवर, पण जात एकदम वेगळी.

पूड ओली न होता सगळीकडे सारखा दमट थर दिसला तर ती गळती नसून थंड पाईपवर हवेतली वाफ जमलेली असू शकते, दमट हवेत हे खूप होतं आणि लोक तिथे उगाच पुट्टी थापतात.

भोकाच्या आजूबाजूचा पाईप किती शाबूत आहे हे पण बघायला लागतं. जीआय पाईप आतून गंजतो, म्हणजे बाहेर जे टाचणीएवढं भोक दिसतं त्याच्या मागे आतून मोठी वाटी कोरली गेलेली असते आणि भोकाच्या कडेला पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करत गेलो, चांगल्या जागी घट्ट आवाज येतो आणि पातळ जागी बद्द. टोकाने खरवडायचं नाही, गंजाची खपली हीच कधीकधी भोक बुजवून बसलेली असते आणि ती उडाली की थेंबाची जागा धार घेते. आमच्या भोकाच्या भोवती साधारण नाण्याएवढा भाग बद्द वाजत होता, पुढे दोन्ही बाजूंना ठीक होता. एवढं असेल तर क्लॅम्प बसतो. लांब चीर असती किंवा वीतभर पाईप बद्द वाजला असता तर मी यातलं काहीच लावलं नसतं, पाणी बंद ठेवणं हाच एक मार्ग उरला असता.

आता थोडा दाबाचा हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी त्या भोकाच्या साधारण 12 मीटर वर होती. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार, म्हणजे इथे 1.2 बार. 2 मिमी भोकावर एवढ्या दाबाने पाणी फक्त 38 ग्रॅमच्या आसपास जोर लावतं. ऐकून वाटतं की एवढंसं तर बोटाने पण थांबेल, आणि खरंच बोट ठेवलं की थांबतं. पण समजा वर काहीतरी चिकटवलं आणि पाणी हळूहळू त्याच्या खाली शिरलं, आणि खाली एक इंच बाय एक इंच एवढी जागा ओली झाली, तर त्याच 1.2 बारने आता त्या ठिगळावर साडेसात किलोपेक्षा जास्त जोर बाहेरच्या दिशेने लागतो. भोक तेच, दाब तोच, फक्त पाणी पसरलं. त्यामुळे तात्पुरती दुरुस्ती कोणतीही असो, ती सुटते कधी तर पाणी तिच्याखाली पसरायला जागा मिळाली की, आणि मग ती कडेपासून सुटत जाते. पंप लावून दाब वाढवलेली लाइन असेल, 3 बार वगैरे, तर हाच आकडा अडीचपट धरायचा.

वरच्या भोकाला क्लॅम्प लावला. रिपेअर क्लॅम्प म्हणजे पत्र्याचे किंवा बिडाचे दोन अर्धे गोल, आत रबराचा पट्टा, आणि बाजूने बोल्ट. घेताना पाईपच्या बाहेरच्या मापाने घ्यायचा, हे फार महत्त्वाचं. एक इंची पाईप म्हणतात पण जीआयमध्ये त्याचं बाहेरचं माप 33.7 मिमी असतं, पाऊण इंचीचं 26.9 आणि अर्धा इंचीचं 21.3, आणि प्लॅस्टिकच्या पाईपमध्ये तीच नावं असली तरी बाहेरची मापं वेगळी असू शकतात. व्हर्नियर नसेल तर पाईपभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजायची आणि 3.14 ने भागायचं. मोठा क्लॅम्प घेऊन आवळत गेलं तर दोन्ही अर्धे एकमेकांना टेकतात आणि त्यापुढे पाना कितीही फिरवा रबर दाबलं जात नाही, बाहेरून मात्र घट्ट वाटतं.

बसवताना आधी वायर ब्रशने गंजाचे पापुद्रे काढले आणि मग पॉलिश पेपरने पाईप गोल फिरवून गुळगुळीत केला, बद्द वाजणाऱ्या भागावर हात अगदी हलका ठेवून. रबर लहान खड्डे भरून काढतं पण उंचवटा भरून काढू शकत नाही, एक कडक खपली रबराखाली राहिली की तिच्या दोन्ही बाजूंना बारीक बोगदा राहतो आणि पाणी तिथून बाहेर येतं. रबराच्या पट्ट्याचा जोड भोकाच्या बरोबर उलट्या बाजूला आणायचा आणि भोक एका अर्ध्याच्या मधोमध ठेवायचं, म्हणजे दोन अर्ध्यांमधल्या फटी त्याच्यापासून लांब राहतात. आमचा क्लॅम्प 3 इंच लांब होता, भोक मधोमध आणलं म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड इंच पाईप रबराखाली आला. मग एक बोल्ट अर्धा फेरा, दुसरा अर्धा फेरा असं आलटून पालटून, एका बाजूने पूर्ण आवळला की रबर तिरपं सरकतं. पाणी चालू ठेवून पण क्लॅम्प लावता येतो आणि हा त्याचा मोठा फायदा, धार कमी कमी होत जाते आणि बंद होते ते डोळ्यांनी दिसतं, बंद झाली की वर पाव फेरा आणि हात थांबवायचा. खाली पातळ झालेला पाईप आहे हे विसरून जोर लावला तर पाईप आत दबतो, गोलपणा जातो, आणि भोकाची चीर होते.

दुसऱ्या दिवशी खालच्या कडेला एक थेंब दिसला. हे होतंच, नवीन रबर दाबाखाली थोडं बसतं आणि त्याचा जोर कमी होतो, म्हणून एक दिवसाने बोल्ट परत थोडे आवळायचे असतात. आवळले, थेंब गेला, आणि तो क्लॅम्प शेवटपर्यंत कोरडा राहिला.

क्लॅम्प मिळाला नाही तर लोक रबराचा तुकडा आणि त्यावर स्क्रूने आवळायची होज क्लिप लावतात. चालतं, पण त्यात एक खोच आहे. होज क्लिपच्या स्क्रूच्या घराखाली पट्टी पाईपला नीट गोल बसत नाही, तिथे दाब कमी पडतो, म्हणून स्क्रू भोकाच्या उलट्या बाजूला ठेवायचा. आणि एका क्लिपची रुंदी कमी, म्हणून भोकावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा तीन लावल्या तर पाणी रबराखालून सरकत नाही. रबर म्हणून सायकलची जुनी ट्यूब थंड पाण्याला काही दिवस ठीक, गरम पाण्याच्या लाइनवर ती मऊ पडते आणि तिची उसळी जाते, तिथे ईपीडीएम रबर पाहिजे.

प्लॅस्टिकच्या पाईपवर क्लॅम्प लावला तर वेगळीच अडचण येते. पाईप सततच्या दाबाखाली हळूहळू दबत जातो, त्यामुळे क्लॅम्प आपोआप सैल होतो, तुम्ही परत आवळता, पाईप अजून दबतो. गरम पाणी असेल तर हे फार लवकर होतं. तिथे क्लॅम्प एक-दोन दिवसांचा पाहुणा समजायचा.

आता खालची गळती, आट्यांची. इथे क्लॅम्प का नाही लागणार हे जागेकडे बघितलं तरी कळतं, पाईप 33.7 मिमी आणि त्यावर चढलेला सॉकेट त्याहून बराच जाड, मध्ये पायरी आहे. सरळ क्लॅम्प पायरीवर बसत नाही, पाईपच्या बाजूला पोकळी राहते. आणि ही जागा पाईपमधली सगळ्यात कमजोर जागा असते हे पण सांगायला पाहिजे. आटे पाडताना पत्रा कापला जातो. एक इंची पाईपला इंचात 11 आटे असतात आणि प्रत्येक आटा साधारण दीड मिमी खोल, पाईपची पूर्ण जाडी सव्वातीन मिमीच्या आसपास, म्हणजे आट्याच्या खाचेत जेमतेम अर्धी जाडी उरते. शिवाय आटे पाडताना वरचा जस्ताचा थर पण तिथून निघून जातो. म्हणून जुने जीआय पाईप बहुतेक वेळा सॉकेटच्या तोंडाशी, बाहेर राहिलेल्या शेवटच्या एक-दोन आट्यांमध्ये गळायला लागतात. हे आटे आवळून गळती थांबवायचा मोह होतो, पाईप पाना लावून अर्धा फेरा दिला की झालं असं वाटतं, पण जुन्या पाईपवर तिथेच तो तुटतो, म्हणून मी पाना लावलाच नाही.

इथे एपॉक्सी पुट्टी. पुट्टीला दोन गोष्टी लागतात, स्वच्छ खरखरीत धातू आणि घट्ट होईपर्यंत मागून येणारं पाणी शून्य. दुसरी गोष्ट जास्त अवघड. आमचा वरचा गेट व्हॉल्व्ह जुना, पूर्ण बंद केला तरी थोडं पाणी सोडत होता. त्यासाठी गळतीपेक्षा खालच्या पातळीवरचा नळ पूर्ण उघडा ठेवला, म्हणजे व्हॉल्व्हमधून झिरपणारं पाणी पाईपमध्ये साठून न राहता खाली निघून जातं आणि गळतीच्या जागी बाहेर ढकलणारा दाब राहत नाही. टिश्यू पेपरचा तुकडा आट्यांवर दाबून ठेवायचा आणि काही मिनिटं बघायचं, कोरडा राहिला तरच पुढे जायचं. ओल्यावर चिकटणारी पुट्टी म्हणून जी मिळते ती ओल्या पृष्ठभागावर चिकटते हे खरं आहे, वाहत्या पाण्यावर नाही. धार चालू असताना थापलेली पुट्टी मऊ असतानाच पाणी तिच्यातून केसाएवढी वाट काढतं, आणि पुट्टी त्या वाटेसकट कडक होते. वरून अजून पुट्टी लावली की तेच परत होतं.

80 नंबरच्या पॉलिश पेपरने पाईपवर आणि सॉकेटवर दोन्हीकडे साधारण 3-3 सेंमी घासलं, चकचकीत धातू दिसेपर्यंत, आणि आट्यांच्या खाचा टोकदार वायर ब्रशने साफ केल्या. मग स्पिरिटने पुसलं आणि वाळू दिलं, त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही, हाताचं तेल पुरेसं होतं पकड घालवायला. हातमोजे घालून पुट्टीचा तुकडा मळला, आतला आणि बाहेरचा असे दोन रंग असतात ते मिसळून एकच रंग होईपर्यंत, एक सुद्धा रेघ दिसता कामा नये, जिथे रेघ असते तो भाग चिवट च्युइंगमसारखा राहतो आणि कधीच कडक होत नाही. झटपट प्रकारच्या पुट्टीत मळायला लागल्यापासून हाताशी चार-पाच मिनिटंच असतात, मळताना ती कोमट व्हायला लागली की समजायचं वेळ संपत आलाय. आधी अगदी थोडी पुट्टी अंगठ्याने आट्यांच्या दिशेने खाचांमध्ये दाबून भरली, मग वरून 6 मिमी जाडीचा थर, आणि दोन्ही टोकांना कडा उतरत्या करत शून्यावर आणल्या. उभी कड ठेवली की तिथून सोलायला सुरुवात होते. तासाभरात नख उमटेना एवढी कडक झाली, तरी पाणी मी रात्रभर बंदच ठेवलं, कारण वरून कडक झालेली पुट्टी आतून पूर्ण ताकदीला यायला जवळजवळ एक दिवस घेते.

सकाळी व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, वरचा एक नळ उघडा ठेवून, म्हणजे पाईपमधली हवा निघून जाते आणि पाण्याचा दणका बसत नाही. कोरडं. बरेच दिवस कोरडं राहिलं.

मग पुट्टी आणि पाईप जिथे मिळतात तिथे वरच्या कडेला एक तपकिरी रेघ दिसायला लागली. पाणी नाही, थेंब नाही, फक्त गंजाच्या रंगाची बारीक रेघ. पुट्टीच्या बाबतीत हीच खरी सूचना असते, थेंब नंतर येतो. कारण शोधायला खालचा नळ कोणाला तरी झटकन बंद करायला लावला आणि हात पाईपवर ठेवला, तर दर वेळी पाईपला हिसका बसत होता. वाहतं पाणी एकदम थांबलं की दाब क्षणभर खूप वाढतो आणि पाईप उडी मारतो, आणि आमच्या लाइनचं भिंतीला धरणारं सॅडल गंजून सैल झालेलं होतं. पाईप हलला की सॉकेटच्या तोंडाशी तो किंचित वाकतो, आणि कडक झालेली पुट्टी वाकत नाही, ती कडेला सुटते. म्हणून पुट्टी जोडावर लावायची असेल तर आधी पाईप हलतोय का ते बघायचं आणि हलत असेल तर आधी तो भिंतीला पक्का करायचा. आम्ही सॉकेटच्या वर आणि खाली नवीन सॅडल ठोकली.

हिसका थांबला तरी सुटलेली कड परत चिकटणार नव्हती, त्यामुळे आता गुंडाळायची पाळी. यात दोन एकदम वेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्यांना एकच समजतात.

पहिली सिलिकॉनची टेप, जी ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटते. तिला गोंद नसतो, पाईपला ती चिकटत नाहीच, थरावर थर बसले की ते एकजीव होतात आणि ताणामुळे पाईपभोवती आवळपट्टा तयार होतो. म्हणजे तिची सगळी ताकद ताणात आहे, दोन-तीन पट लांब होईपर्यंत ताणून, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर चढवत, गळतीच्या 5 सेंमी आधी सुरू करून 5 सेंमी पुढे जायचं आणि परत यायचं. फक्त शेवटचा फेरा न ताणता दाबून बसवायचा, नाहीतर टोक मागे सरकतं. टेप स्वतःला चिकटायला धूळ आणि तेल अजिबात नको, हात आणि पाईप दोन्ही स्वच्छ.

ती सुटते कुठे तर बरोबर आमच्यासारख्या जागी. पाईप ते सॉकेट या पायरीवर टेप ताणली की ती पायरीच्या कोपऱ्यात खाली बसत नाही, पूल टाकल्यासारखी वरून जाते, आणि खाली पूर्ण गोल फिरणारी पोकळी राहते. पाणी त्या पोकळीत जमतं, आणि वर जो हिशोब सांगितला तोच सुरू होतो, जागा वाढली की जोर वाढला, मग ते टेपखालून पाईपच्या अंगाने सरकत कडेला बाहेर येतं. दुसरं म्हणजे आट्यांची धार, ताणलेल्या टेपला आट्याचं टोक लागलं की तिथून ती चिरत जाते, आणि एकदा चीर पडली की ताण असल्यामुळेच ती मोठी होते.

आमच्याकडे पुट्टीने हे दोन्ही आधीच भागवलं होतं, आट्यांवर थर होता आणि पायरीचा उतार झाला होता. सुटलेली कड मी पॉलिश पेपरने घासून काढली, पाईप परत कोरडा केला, कडेला नवीन पुट्टीचा पातळ उतार दिला, कडक होऊ दिला, आणि मग त्यावर सिलिकॉन टेप दोन्ही दिशांनी. पुट्टी पोकळी भरते आणि टेप तिला बाहेरून दाबून ठेवते, शिवाय टेपला थोडा लवचिकपणा असल्यामुळे किंचित हालचाल तिला सोसते.

दुसरी गुंडाळायची गोष्ट म्हणजे फायबरग्लासची पट्टी, पाण्यात बुडवली की जी कडक होते. हिच्यातला पॉलियुरेथेन राळ पाण्याने घट्ट होतो, त्यामुळे पाकीट अगदी आयत्या वेळी फोडायचं, हवेतल्या दमटपणाने पण ती सुरू होते. हातमोजे सक्तीचे, कातडीला लागली की निघता निघत नाही. काही सेकंद पाण्यात बुडवायची, आणि ओढून ओढून सात-आठ थर, मग ओल्या मोज्याने दाबत बसायचं, वर फेस येतो तो आत दाबायचा. अर्ध्या तासात लाकडासारखी टणक. पण ही पट्टी पाणी थांबवत नाही, विणलेलं कापड आहे ते, तिच्या विणीतून पाणी झिरपत राहतं. ती खालच्या थराला आधार देते आणि जोड वाकू देत नाही, बस. चालू गळतीवर नुसती ही पट्टी गुंडाळलेले पाईप मी बघितलेत, दिसायला प्लॅस्टर घातलेल्या हातासारखे भक्कम आणि खालच्या टोकातून थेंब थेंब चालूच. आम्ही ती सगळ्यात वरचा थर म्हणून घातली, पुट्टी, टेप, मग ही. तो जोड त्यानंतर लाइन बदलेपर्यंत कोरडा राहिला, नळ झटकन बंद केला तरी.

साधी इन्सुलेशन टेप किंवा बाहेरून गुंडाळलेली टेफ्लॉन टेप यांचा मात्र काही उपयोग नाही, पहिलीचा गोंद ओल्यावर धरत नाही आणि दुसरी फक्त आट्यांच्या आत बसवण्यासाठी असते.

या सगळ्या काळात शेजाऱ्यांनी विचारलं की गिझरच्या सीपीव्हीसी पाईपवर एल्बोशी चीर आहे, तिथे हेच करू का. मी नको म्हटलं आणि कारण सांगितलं. पाणी 40 अंशांनी तापलं तर एक मीटर जीआय पाईप साधारण अर्धा मिमी लांब होतो, सीपीव्हीसी त्याच्या पाचपट, अडीच मिमीच्या आसपास. दर अंघोळीला पाईप लांब होणार आणि आखडणार, आणि कडक पुट्टी त्याच्याबरोबर जाणार नाही, ती दोन-चार वेळा तापली की कडेने सुटते. शिवाय घासून पुसताना अ‍ॅसिटोन वापरला तर तो सीपीव्हीसीला मऊ पाडतो. त्यांच्यासाठी सोपा मार्ग होता, पाईप प्लॅस्टिकचा असल्यामुळे एल्बो कापून नवीन सॉल्व्हेंट सिमेंटने जोडायला एक दुपार पुरते, मग तात्पुरतं करायचंच कशाला. पीपीआर आणि पॉलिथिनच्या पाईपला तर कुठलीच पुट्टी धरत नाही, सुकल्यावर नखाने अख्खी निघून येते. आणि गॅसच्या पाईपवर यातलं काहीही लावायचं नाही, तिथे व्हॉल्व्ह बंद करून, खिडक्या उघडून माणूस बोलवायचा.

लाइन बदलली त्या दिवशी काकांनी जुना पाईप कापून खाली ठेवला तेव्हा मी क्लॅम्प सोडून बघितला. रबराखालचं भोक आता 2 मिमीचं राहिलं नव्हतं, करंगळीचं टोक जाईल एवढं झालं होतं. क्लॅम्पने पाणी थांबवलं होतं, आतला गंज नाही, तो आपला खात बसला होता, आणि भोक असंच वाढत गेलं असतं तर रबराला टेकायला शाबूत पाईपच उरला नसता. काका म्हणाले, "म्हणून मी सांगतो, क्लॅम्प कोरडा दिसला तरी विसरू नका." सॉकेटवरची पुट्टी हातोडीने फोडली तर पाईपच्या बाजूची चकती अख्खी निघाली आणि तिच्या मागे गंजाचा तपकिरी पापुद्रा चिकटून आला, म्हणजे पुट्टीने धरलं होतं, तिच्याखालचा धातूच सुटत चालला होता. सॉकेटच्या बाजूला, जिथे धातू जाड आणि शाबूत होता, तिथली पुट्टी छिन्नी लावल्याशिवाय हलली नाही. पाईपच्या आत बघितलं तर एक इंचीच्या जागी जेमतेम अर्धा इंच वाट उरली होती, बाकी सगळा गंज. नवीन लाइनला काकांनी प्रत्येक मजल्यावर युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह टाकून घेतले, म्हणजे यापुढे कुठे गळलं तर सगळ्यांचं पाणी बंद न करता तेवढाच भाग खोलता येईल.